कोठावद्यांच्या भटारखान्याची हवा

रंगनाथ कोठावदे मूळचे नामपूरचे. कांद्याच्या आडतीत त्यांचं नाव होतं आणि तिथेच ते राहिले असते तर बऱ्याच जणांचं बरं झालं असतं. पण पंच्याऐंशी साली त्यांनी नाशकात शरणपूर रोडवर नव्या व्यापारी इमारतीचा तळमजला घेतला आणि 'राजयोग' नावाचं एअरकंडिशन्ड हॉटेल काढायचं ठरवलं. हॉलमध्ये काय हवं ते त्यांनी मुंबईला दोन हॉटेलांत जेवून ठरवलं होतं: प्लायवूडचं खाली उतरवलेलं छत, त्यात लपवलेले दिवे, भिंतीला लाल मखमल आणि दारात पितळी मोर. भटारखान्यात काय हवं ते त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं. हॉल आणि फॅमिली रूम आखून झाल्यावर मागच्या कोपऱ्यात जी खोली उरली, ती भटारखाना झाली.

इमारतीच्या आर्किटेक्टने सावळीराम आहेर यांना बोलावलं. आहेर मेकॅनिकल इंजिनियर. सातपूरला त्यांचं वर्कशॉप होतं. कारखान्यांत हवा खेळवण्याची, धूर-धूळ ओढून काढण्याची कामं ते करत. माणूस हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करायचा. नामपूरजवळच्या सटाण्याचा असल्यामुळे कोठावद्यांना तो गाववाल्यासारखा वाटला. आहेरांना तसं काही वाटलं नाही.

आहेरांनी टेबलावर ड्रॉइंग पसरलं. गॅसच्या भट्ट्या आणि तंदूर यांच्यावर धूर गोळा करणारा एकच मोठा हूड, भट्ट्यांच्या कडेपेक्षा चारी बाजूंनी वीतभर पुढे आलेला. त्यातून जाड काळ्या पत्र्याचा, सलग वेल्डिंग केलेला धुराचा नळ, म्हणजे डक्ट, मागच्या भिंतीला धरून विटांच्या बंदिस्त शाफ्टमधून थेट गच्चीच्या वर. पंखा गच्चीवर. आणि समोरच्या भिंतीत दुसरा पंखा, बाहेरची हवा गाळून आत आणणारा.

कोठावद्यांनी त्या दुसऱ्या पंख्यावर बोट ठेवलं.

"हा कशाला?"

"पहिला पंखा जेवढी हवा बाहेर फेकेल, तेवढी कुठून तरी आत यायला हवी."

"हवा आणायला पंखा?" कोठावदे आर्किटेक्टकडे बघून हसले. "धूर काढायचा पंखा समजतो मी. पण हवा काय सटाण्याहून मागवायची आहे का आहेर? ती येतेच की आपोआप."

"येते. रस्ता असेल तर. तुमचा हॉल एसी, म्हणजे बंद. मागचं दार बंद. खिडकीला काच. हवा काय भिंतीतून येणार?"

"आणि हा जाड पत्रा? भिकन मिस्तरी निम्म्या जाडीच्या पत्र्यात करून देतो म्हणाला. धूर काय वजनाला जड असतो?"

आहेरांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. "धुराबरोबर तेल जातं, शेठ. ते डक्टमध्ये थिजून बसतं. एक दिवस पेटतं. तेव्हा तो पत्रा टिकला पाहिजे म्हणून जाड. तुम्ही कांदाच विका. कांद्याला हूड लागत नाही."

असं बोलून ते निघून गेले. नंतर ते वर्कशॉपमध्ये ही गोष्ट रंगवून सांगायचे. कोठावदेही रंगवून सांगायचे: हवेचे पैसे मागणारा इंजिनियर. दोघांचीही करमणूक झाली. काम भिकनकडे गेलं.

भिकन मिस्तरी कूलर आणि धान्याच्या कोठ्या उत्तम बनवायचा. त्याने पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा हूड केला आणि रिव्हेट मारून डक्टचे तुकडे जोडले. शेजारच्या लॉजवाल्याने आपल्या बाजूला धूर नको म्हणून भांडण काढलं, आणि गच्चीपर्यंत जायचं म्हणजे खर्च. म्हणून डक्ट आडवा नेला. फॅमिली रूमच्या प्लायवूडच्या छतावरून, लाकडी पट्ट्यांना टेकून, इमारतीच्या मागच्या भिंतीतून बाहेर. त्याला उतार नव्हता, साफ करायला कुठे झाकण नव्हतं. तोंड उघडलं ते पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीच्या बरोबर खाली.

ती खिडकी चंद्रभागा गांगुर्डे यांच्या टायपिंग क्लासची होती.

चंद्रभागाबाईंचा क्लास मराठी-इंग्रजी टंकलेखनाचा. मनमाडच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या, वडील गँगमन. स्वतः सरकारी परीक्षा पास होऊन, दहा वर्षं एका कचेरीत टायपिस्ट राहून, त्यांनी साठवलेल्या पैशांतून मशिनं घेतली होती. मुलं त्यांना घाबरायची. मागे न बघता कोणाचा अंगठा चुकीच्या बाजूला पडला ते त्या आवाजावरून सांगायच्या.

हॉटेल हिवाळ्यात उघडलं. तेव्हा एसी बसायचा होता, हॉलची दारं उघडी असायची, भटारखान्याचंही दार उघडं. धूर बरा जायचा. कोठावदे गल्ल्यावर बसून, चालला ना पत्रा, असं भेटेल त्याला विचारायचे.

चैत्रात एसी सुरू झाला आणि दारं मिटली. माश्या येतात म्हणून भटारखान्याची खिडकीही स्क्रू मारून बंद केली. आणि धूर हूडमध्ये जायचं सोडून हूडच्या कडेवरून खाली घसरू लागला. फोडणी पडली की हॉलमधली माणसं खोकायची. आचारी मोतीराम डोळ्यांना ओला पंचा लावून भट्टीपुढे उभा राहायचा. गरम होतं म्हणून त्याने एक उभा पंखा लावून घेतला; त्या वाऱ्याने उरलासुरला धूरही हूडबाहेर उडाला.

कोठावद्यांचं निदान सोपं होतं. पंखा लहान आहे. त्यांनी भंगारबाजारातून कारखान्याचा जुना ब्लोअर आणला, भिकनकरवी मागच्या भिंतीवर अँगलना लटकवला आणि डक्टला जोडला. तो सुरू झाला की अख्खी मागची भिंत गुणगुणायची.

आता मात्र हॉटेलात मजेदार गोष्टी घडू लागल्या. हॉलमधला थंडावा भटारखान्याच्या दाराखालच्या फटीतून शिट्टी वाजवत आत पळायचा आणि गिऱ्हाईक घामाघूम. संडासातला वास उलटा हॉलमध्ये. मोरीच्या पाइपातलं पाणी शोषलं जाऊन गटाराची घाण वर. गॅसच्या ज्योती एका बाजूला वाकायच्या. तंदुरावर हूड थोडा अपुरा पडत होता म्हणून भिकनने तंदुराला वेगळं धुराडं दिलं होतं. त्यातून आता बाहेरची हवा आत यायची, धुरासकट. भटारखान्यातून गल्लीत उघडणारं दार बाहेर ढकलायला भांडी घासणाऱ्या कुसाबाईला खांदा लावावा लागायचा. दार जाम झालंय, कोठावदे म्हणाले, आणि सुताराला बोलावून त्याची कड रंधली.

वर क्लासमध्ये रोज सकाळी मशिनांवर चिकट थर असायचा. अक्षरांच्या दांड्या वर जाऊन परत यायच्या नाहीत. कोऱ्या कागदाला बोट लावलं की तेलकट ठसा. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची काच चंद्रभागाबाई रोज साबणाच्या पाण्याने पुसायच्या आणि दुपारपर्यंत ती पुन्हा धूसर व्हायची. जूनमध्ये परीक्षा होती.

त्या खाली गेल्या. कोठावदे गल्ल्यावर होते.

"तुमच्या धुराड्यातलं तेल माझ्या मशिनांवर बसतंय."

कोठावद्यांनी बसा म्हटलं नाही. "बाई, मशिनला तेल घालावंच लागतं ना? तुम्हाला फुकट मिळतंय."

गल्ल्याजवळचे दोघे-तिघे हसले. चंद्रभागाबाई हसणं संपेपर्यंत थांबल्या.

"तोंड दुसरीकडे वळवा."

"तुम्ही क्लास दुसरीकडे वळवा. ही हॉटेलची इमारत आहे आता. वासानेच कळतं." आणि मग, त्या वळल्यावर, पुरेशा मोठ्याने: "हल्ली कोणालाही गाळे देतात."

हे 'कोणालाही' चंद्रभागाबाईंनी आयुष्यात अनेक तऱ्हांनी ऐकलं होतं. बोलणारा प्रत्येक जण आपण काहीतरी नवीन बोललो अशा चेहऱ्याने बघतो, हे त्यांना माहीत होतं. त्या जिना चढून वर आल्या, मागची खिडकी लावली आणि आर्किटेक्टला फोन करून विचारलं, या कामातलं खरंच कळतं असा माणूस कोण.

आहेरांनी सातपूरला त्यांचं सगळं ऐकून घेतलं. त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता.

"मी सांगितलं होतं त्याला. मी त्या माणसाच्या हॉटेलात पाय ठेवणार नाही."

"मी हॉटेलात या म्हणत नाही. माझ्या क्लासमध्ये या."

आहेर आले. खिडकीतून वाकून त्यांनी खाली पाहिलं. डक्टच्या तोंडाखाली भिंतीवर काळा, जाड ओघळ आला होता. त्यांनी छत्रीच्या टोकाने तो खरवडला आणि टोक चंद्रभागाबाईंना दाखवलं.

"हे बाहेरचं. आत याच्या चौपट असेल. डक्ट आडवा आहे, तेल परत हूडकडे वाहून जायला उतार नाही. रिव्हेटच्या सांध्यांतून ते खालच्या प्लायवूडवर ठिबकतंय. कढईत एकदा भडका उडाला, हूडमधल्या तेलाने पेट घेतला की आग या नळीतून इथपर्यंत येईल. ब्लोअर तिला ओढून आणेल."

"ब्लोअर एवढा मोठा आहे तरी धूर का भरतो?"

"बाटलीला तोंड लावून हवा ओढून बघा. थोडी निघते, मग कितीही ताकद लावा, निघत नाही. खोलीत येणारी हवाच नाही तर पंखा काय फेकणार? जी येते ती फटींतून जोरात येते आणि भट्टीवरचा धूर विस्कटून टाकते. हूडला हवा सावकाश, सगळीकडून सारखी यायला लागते."

"मग जेवढी जाते तेवढी आणायची."

"थोडी कमी. शंभर भाग बाहेर गेले तर ऐंशी-नव्वद भाग बाहेरून भटारखान्यात सोडायचे. उरलेले हॉलमधून येतील. म्हणजे वास हॉलकडे जात नाही, हॉलची हवा भटारखान्याकडे जाते. पण अलगद."

चंद्रभागाबाईंनी मान हलवली. "हे खाली जाऊन सांगा."

"सांगितलं आहे एकदा. तो ऐकणाऱ्यातला नाही. पेटू दे म्हणजे कळेल."

"माझी वीस मुलं इथे बसतात." त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्हाला माहीत आहे की आग लागणार, आणि तुम्ही रुसून बसलाय. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक एवढाच, की त्यांना कळत नाही."

आहेरांशी असं बोलणारं फार दिवसांत कोणी भेटलं नव्हतं.  छत्रीचं टोक त्यांनी रुमालाने पुसलं आणि जिना उतरले.

भटारखान्यात दुपारची गर्दी ओसरली होती. कोठावदे मागोमाग आले, हाताची घडी घालून. आहेरांनी मोतीरामकडून उदबत्ती मागून घेतली, पेटवली आणि हूडच्या कडेखाली धरली. धूर वर गेला, घुटमळला आणि कडेवरून बाहेर पडला. मग त्यांनी उभा पंखा बंद केला, गल्लीतलं दार दोन्ही हातांनी ढकलून उघडलं आणि पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ हूडमध्ये शिरला.

मोतीराम म्हणाला, "आयला, देवाच्या उदबत्तीला समजतं."

"बघितलं शेठ?" आहेर म्हणाले.

"बघितलं." कोठावद्यांनी दाराकडे पाहिलं. "दार उघडं ठेवायचं. एवढीच तुमची विद्या?"

"दारातून माश्या येतील, धूळ येईल, वारा सुटला की धूर आडवा पसरेल. गाळून, ठरावीक जागी, सावकाश हवा आणायची. आणि आधी तो डक्ट काढायचा. तो डक्ट नाही, ती वात आहे. तुम्ही ती छतात घालून ठेवलीय."

"डक्टचं बघू पुढे. तुमचा धंदा भीतीवर चालतो, मला ठाऊक आहे."

आहेर अहिराणीत काहीतरी पुटपुटले. कोठावद्यांना अहिराणी चांगली कळत होती. त्यांचा चेहरा लाल झाला. जाताना आहेर मोतीरामजवळ थांबले. "कधी दार उघडलं नाही तर आधी ब्लोअरचं बटण बंद कर. मग उघडेल. आणि बटणापुढे रचलेले ते डबे काढ."

यानंतर कोठावद्यांनी जे केलं ते त्यांच्या पद्धतीला धरूनच होतं. भिंतीला भोक पाडायचं तर मला अक्कल नाही का, असं म्हणून त्यांनी गल्लीकडच्या भिंतीत भिकनकरवी मोठी जाळी बसवली. जाळीच्या खाली बाहेर हॉटेलचा जनरेटर होता आणि खरकट्याची पिंपं. दोन दिवस सगळे खुश. तिसऱ्या दिवशी वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि त्याचा डिझेलचा धूर अख्खाच्या अख्खा जाळीतून आत आला. हॉलमधली पनीरची भाजी म्हणे एस. टी. स्टँडसारखी लागत होती. कोठावद्यांनी त्याच संध्याकाळी जाळी विटांनी बुजवली आणि आहेरांच्या नावाने खडे फोडले. आहेरांनी जाळी तिथे लावा असं कधी सांगितलं नव्हतं, पण तेवढा फरक कोठावदे ठेवत नसत.

चंद्रभागाबाईंनी तोपर्यंत आपल्यापुरतं केलं होतं. मागच्या खिडकीजवळची टेबलं हलवून पुढे घेतली, खिडकी कायमची लावली आणि मुलांना एकदा बजावलं: मी उठा म्हटलं की मशीन सोडायचं, वही सोडायची, पुढच्या जिन्याने खाली.

मे महिन्यात एका दुपारी हॉटेलात द्राक्षबागायतदारांचं मोठं जेवण होतं. भट्ट्या सगळ्या पेटलेल्या. मोतीरामच्या कढईत तेल जास्त तापलं आणि भडका उडाला. असा भडका भटारखान्यात नवीन नाही. मोतीरामने झाकण उचललं आणि कढईवर टाकलं. कढई विझली. पण ज्योत वर हूडच्या जाळीला लागून गेली होती, आणि जाळी महिनोनमहिने धुतली नव्हती. तिच्यातून थेंब थेंब पेटतं तेल खाली पडू लागलं. मग हूडमध्ये आवाज झाला, मोठी शेगडी पेटावी तसा, आणि ब्लोअरने ती आग डक्टमध्ये ओढून घेतली.

मोतीरामने गॅसचे कॉक बंद केले. हॉलकडच्या दारापाशी पेटलेल्या थेंबांची ओळ झाली होती. गल्लीचं दार उरलं. कुसाबाई आणि दोन वेटर ते ढकलत होते.

"उघडत नाय," कुसाबाई ओरडली. "लय घट्ट धरलंय कुणीतरी."

कोणीही धरलेलं नव्हतं. बाहेरची हवा दार दाबून धरत होती. खोलीत धूर छातीपर्यंत उतरला होता. मोतीरामला बटण आठवलं. डबे त्याने काढले नव्हते. ते लाथेने पाडून, चाचपडत त्याने बटण दाबलं. ब्लोअरचा सूर उतरत गेला आणि दार एकदम बाहेर उघडलं. कुसाबाई आणि दोघे वेटर गल्लीत तोंडावर पडले. मोतीराम त्यांच्या मागून आला.

फॅमिली रूममध्ये छताच्या प्लायवूडवर आधी तपकिरी डाग उमटला. त्याखाली बसलेल्या बागायतदारांना तो सजावटीचा भाग वाटला असावा. मग डाग काळा झाला आणि त्यातून पेटती पट्टी टेबलावर पडली. पितळी मोराला लाथाडून माणसं रस्त्यावर आली.

वर चंद्रभागाबाईंना ब्लोअरचा सूर बदललेला ऐकू आला. खिडकीच्या काचेवर नारिंगी उजेड हलला. त्या म्हणाल्या, "उठा." वीस मुलं उठली आणि गेली. एक मुलगी वही घ्यायला वळली; बाईंनी तिचं मनगट धरून तिला जिन्यात ढकललं. मागची काच तडकल्याचा आवाज त्यांनी जिन्यात ऐकला.

बंब आला. आग तासाभरात विझली. पातळ पत्र्याचा डक्ट मधोमध वितळल्यासारखा मुडपून खाली आला होता. माणसं वाचली. कुसाबाईच्या मानेवर आणि पाठीवर पेटत्या तेलाचे थेंब पडले होते, आणि धूर तिच्या छातीत गेला होता. तिला सिव्हिलमध्ये ठेवलं.

अग्निशमनच्या अधिकाऱ्याने भटारखाना पाहिला, बुजवलेली जाळी पाहिली आणि कोठावद्यांना एवढंच विचारलं, की हे कोणी सुचवलं. कोठावदे म्हणाले, "मिस्तरीने." भिकन तिथेच उभा होता.  त्याने पायातली चप्पल उगाच काढली आणि घातली.

हॉटेल बंद झालं. डक्ट नीट करून, वर गच्चीपर्यंत नेल्याशिवाय उघडायचं नाही, असा अग्निशमनचा हुकूम. आणि मागच्या भिंतीने वर न्यायचा तर पहिल्या मजल्यावरच्या गाळ्याच्या भिंतीला लागून जाणार, म्हणून त्या गाळेधारकाची संमती हवी.

कोठावदे सातपूरला गेले. माफी वगैरे मागायची त्यांना सवय नव्हती.

"तुमचं ते ड्रॉइंग आहे का अजून?"

"आहे," आहेर म्हणाले. "पण आधी गांगुर्डेबाईंकडे जा. त्या हो म्हणाल्या तर मी येतो."

"तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"माझं त्यांच्याशी बोलणं झालंय. तुमचं राहिलंय."

कोठावदे जिना चढून क्लासमध्ये आले तेव्हा मुलं नव्हती. चंद्रभागाबाई एका मशिनच्या दांड्या रॉकेलच्या बोळ्याने पुसत होत्या. त्यांनी खुर्चीकडे हात केला. कोठावदे बसले. त्यांना ती खुर्ची लहान पडत होती.

"डक्ट तुमच्या भिंतीलगत न्यायचाय. विटांच्या शाफ्टमध्ये. तुम्हाला त्रास नाही होणार."

"तोंड कुठे उघडणार?"

"गच्चीवर. कठड्याच्याही वर. आहेर म्हणतात."

"साफ कसा करणार?"

कोठावद्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आहेर करतील काहीतरी."

"आणि आत हवा कुठून येणार?"

"पंख्याने. दुसरा पंखा बसवणार आहे."

"किती?"

"किती म्हणजे?"

"बाहेर जाणाऱ्या हवेच्या मानाने किती? सगळी? जास्त? कमी? आणि का?"

कोठावद्यांनी रुमाल काढून मान पुसली. पंचवीस वर्षं त्यांनी आडतीत लोकांना गप्प केलं होतं. बोळा एका दांडीवरून दुसरीवर गेला.

"तुम्हाला माहीत नाही," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "माहीत नसताना तुम्ही उद्या पंखा बंद कराल, परवा जाळी बुजवाल. मागेही बुजवली. शिकून या. मला नीट सांगता आलं की भिंत वापरा."

"मी काय शाळेत आहे का?"

"या खोलीत आहात."

कोठावदे उठून गेले. दोन दिवस त्यांनी इतरांकडून दबाव आणायचा प्रयत्न केला. नगरसेवकाने फोन केला, इमारतीच्या मालकाने निरोप दिला. बाईंनी दोघांनाही तेच उत्तर दिलं आणि त्या दोघांना, खरं तर, जरा मजाच वाटली. हॉटेल बंदच होतं. तिसऱ्या दिवशी कोठावदे आहेरांच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून होते आणि आहेर फळ्यावर बाण काढत होते. आहेरांनी शिकवण्यात कसलीही दया दाखवली नाही. चुकलं की ते खडू खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे.

चौथ्या दिवशी कोठावदे पुन्हा क्लासमध्ये आले. या वेळी मुलं होती. बाईंनी त्यांना बाहेर पाठवलं नाही.

"हूड जेवढी हवा ओढतो," कोठावद्यांनी सुरुवात केली, मान खाली घालून, "तेवढी आत आली नाही तर हूड ओढत नाही. म्हणून गाळलेली हवा दुसऱ्या पंख्याने आणायची. धुराच्या तोंडापासून लांबून, जनरेटरपासून लांबून. आणि भट्टीवर फुंकायची नाही, लांबून, सावकाश सोडायची."

"किती?"

"थोडी कमी. म्हणजे थोडी हॉलमधून येते. मग वास हॉलमध्ये जात नाही."

"पत्रा?"

"जाड. काळा. सांधे वेल्डिंगचे, सलग, तेल बाहेर येणार नाही असे. लाकडाला कुठे टेकायचा नाही. तेल हूडकडे परत यावं असा उतार, आणि वळणावर साफ करायला झाकण." ते थांबले. "जाळ्यांच्या जागी तेल अडवणारे पट्ट्यांचे फिल्टर. ते रोज धुवायचे."

"कोण धुणार?"

या प्रश्नाची तयारी झालेली नव्हती. "लावू एखादी बाई," ते म्हणाले.

चंद्रभागाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मागे एका मुलाने हसू दाबलं.

"भिंत वापरा," त्या म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "दुसरा परिच्छेद."

काम पावसाळ्यात झालं. आहेर रोज येत, वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यात आतून दिवा सोडून बाहेरून उजेड दिसतो का ते बघत. जिथे दिसला तिथे पुन्हा वेल्डिंग. हूड रुंद करून तंदूर पुरता त्याखाली घेतला आणि भिकनचं धुराडं काढून टाकलं. गच्चीवरच्या पंख्याचा पट्टा बदलून वेग जुळवला, आत येणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा थोडा उघडून, थोडा मिटून पाहिला. शेवटी भटारखान्याच्या आणि हॉलच्या मधल्या दाराच्या फटीशी त्यांनी टिश्यू पेपर धरला. तो भटारखान्याकडे कलला आणि तसाच राहिला. गल्लीचं दार मोतीरामने एका बोटाने उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

दसऱ्याला 'राजयोग' पुन्हा सुरू झालं. मखमल नवी, छत नवं. दोन आठवड्यांत कोठावदे हॉटेलवाल्यांच्या बैठकीत हवेवर बोलू लागले. हूड घ्यायच्या आधी हवेचा विचार करा, लोकांना हेच समजत नाही, असं ते म्हणायचे. आपण हे स्वतः अभ्यासून काढलं, असंही. आहेर एकदा त्या बैठकीत मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी पूर्ण भाषण ऐकलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, की त्याने एकही चूक केली नाही आणि त्याचाच जास्त राग आला.

दिवाळीत कोठावद्यांनी वरच्या क्लासमध्ये मिठाईचा मोठा खोका पाठवला आणि मागून स्वतः आले. आता ते बाईंना मॅडम म्हणायचे, आणि गाळेधारकांमध्ये आपण सगळ्यांना सारखं मानतो असं चार वेळा बोलायचे.

"मॅडम, सांगा आता. वास येतो का? तेल येतं का?"

"नाही," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "काम चांगलं झालंय."

कोठावदे खुश झाले. त्यांनी खोक्याचं झाकण स्वतः उघडलं.

"कुसाबाई कुठे असते आता?" बाईंनी विचारलं.

"कोण?"

"तुमच्याकडे भांडी घासायची. भाजली होती."

"हां, ती." कोठावद्यांनी आठवायचा प्रयत्न केला, म्हणजे तसा चेहरा केला. "आली नाही परत. या बायकांचं असंच असतं. मोतीरामला माहीत असेल."

मोतीरामला माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं. त्या दोनदा सिव्हिलमध्ये आणि एकदा पेठ रोडच्या तिच्या खोलीवर जाऊन आल्या होत्या. कुसाबाई मनमाडला मुलीकडे गेली होती. जिना चढला की तिला धाप लागायची, आणि पाठीवरच्या कातडीमुळे हात खांद्यावर जात नव्हता. हॉटेलातून कोणी आलं का, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, मोतीराम येतो.

चंद्रभागाबाईंनी खोक्याचं झाकण लावलं आणि खोका कोठावद्यांच्या हातात दिला.

"हे मनमाडला न्या," त्या म्हणाल्या. "पत्ता मी देते. स्वतः न्या, माणसाबरोबर पाठवू नका."

"मॅडम, दिवाळीत मला वेळ कुठे..."

"गाड्या भरपूर आहेत."

कोठावदे खोका घेऊन जिना उतरले. ते मनमाडला गेले की नाही ते बाईंनी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मोतीराम जाऊन आला आणि त्याने सांगितलं, की शेठ आले नव्हते. चंद्रभागाबाईंनी मान हलवली, जणू एखाद्या विद्यार्थ्याचा निकाल कळला. मग त्यांनी त्याच्याकडून कुसाबाईच्या मुलीचं नाव आणि शिक्षण विचारून घेतलं. मुलगी नववी पास होती, मनमाडहून पहाटेची गाडी होती, आणि जानेवारीत सकाळच्या बॅचमध्ये एक जागा रिकामी होणार होती.